बार चार्ट, बाण आणि क्रिटिकल पाथ: घरावर मजला चढवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राहत्या घरावर पहिला मजला बांधायला काढलेली मंडळी आणि साइटवर नव्याने देखरेख करू लागलेले सुपरवायझर हेच प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. सगळ्या उत्तरांत एकच काम उदाहरणाला घेतलं आहे, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील. आधी दुसऱ्या प्रश्नातला तक्ता पाहिलात तर पुढचं कुठूनही वाचता येईल.

बार चार्ट म्हणजे तारखांचा तक्ताच ना? मग त्यात बाण कशाला काढायचे?

नुसत्या पट्ट्या असलेला चार्ट कोणतं काम कधी आहे एवढंच सांगतो. ते त्याच दिवशी का आहे, हे त्यात दिसत नाही. सेंटरिंगवाला दोन दिवस उशिरा आला तर पुढच्या कोणत्या पट्ट्या सरकवायच्या, हे तुम्हाला डोक्यात जुळवावं लागतं. पंधरा-वीस कामं असली की त्यात काहीतरी हमखास सुटतं. बाण हे ‘का’ लिहून ठेवतो: सळई बांधून झाल्याशिवाय स्लॅब नाही, वीटकाम झाल्याशिवाय झिऱ्या नाहीत. बाण बरोबर असले की एक पट्टी हलवल्यावर तिच्यामागच्या सगळ्या आपोआप हलतात.

हेन्री गँट यांनी १९१०च्या दशकात हे चार्ट रूढ केले तेव्हा त्यांत बाण नव्हते. शेवटची तारीख ठरवणारी कामांची साखळी, म्हणजे क्रिटिकल पाथ, शोधायची पद्धत १९५७च्या सुमारास अमेरिकेत ड्युपाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांच्या लोकांनी बसवली. आज सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही एकाच पडद्यावर दिसतं, म्हणून ते एकच वाटतं.

एखादं खरं वाटेल असं उदाहरण मिळेल का?

तळमजल्यावर कुटुंब राहतं आहे, जिना आहे, गच्चीवर कॉलमच्या सळया वर काढून ठेवलेल्या आहेत. २० मार्चला काम सुरू करायचं आणि मृगाआधी, म्हणजे ७ जूनच्या आत, मजला राहण्याजोगा करायचा. रंग पावसाळ्यानंतर द्यायचा. नवा गिलावा नीट सुकल्यावर दिलेला बरा, म्हणून तो या तक्त्यात नाही. समजायला सोपं जावं म्हणून आठवड्याची सुट्टी धरलेली नाही. ती धरल्यावर काय होतं, ते सुट्टीच्या प्रश्नात आहे. सवड म्हणजे ते काम जितके दिवस रखडलं तरी शेवटची तारीख हलत नाही तेवढे दिवस.

| क्र. | काम | दिवस | कशानंतर | तारखा | सवड |
|---|---|---|---|---|---|
| १ | कॉलम | ६ | – | २०–२५ मार्च | ० |
| २ | बीम-स्लॅबची सेंटरिंग | ७ | १ | २६ मार्च–१ एप्रिल | ० |
| ३ | सळई आणि विजेचे पाइप | ५ | २ | २–६ एप्रिल | ० |
| ४ | स्लॅब टाकणे | १ | ३ | ७ एप्रिल | ० |
| ५ | टेकू काढेपर्यंत थांबणे | १४ | ४ | ८–२१ एप्रिल | ० |
| ६ | वीटकाम (गच्चीचा कठडा धरून) | १० | ५ | २२ एप्रिल–१ मे | ० |
| ७ | भिंतीत झिऱ्या आणि पाइप | ४ | ६ | २–५ मे | ० |
| ८ | आतला गिलावा | ९ | ७ | ६–१४ मे | ० |
| ९ | फरशी | ७ | ८ | १५–२१ मे | ० |
| १० | दारं, नळ आणि वीज फिटिंग | ८ | ९, ११, १३ | २२–२९ मे | ० |
| ११ | बाहेरचा गिलावा | ८ | ६ | २–९ मे | १२ |
| १२ | खिडक्यांची मापं आणि बनावट | १५ | ६ | २–१६ मे | ३ |
| १३ | खिडक्या बसवणे | २ | ८, १२ | १७–१८ मे | ३ |
| १४ | गच्चीचा कोबा | ६ | ६ | २–७ मे | २२ |

दहाव्या कामाला तीन बाण का येतात, हे लोक विचारतात. फरशीशिवाय दारं बसत नाहीत. सांडपाण्याचे उभे पाइप बाहेरच्या भिंतीवर गिलाव्यानंतरच क्लॅम्प होतात, आणि ते नसतील तर बाथरूमची फिटिंग जोडायची कुठे? खिडक्यांशिवाय घर बंद होत नाही, आणि उघड्या घरात कुणी नळ आणि बटणं लावून ठेवत नाही, सकाळी ती जागेवर मिळत नाहीत.

क्रिटिकल पाथ शोधायचा कसा? हातानं जमतं का?

एवढ्या कामाला कागद-पेन्सिल पुरते. तारखांऐवजी दिवसांचे क्रमांक घ्या: २० मार्च हा पहिला दिवस.

आधी पुढच्या दिशेनं जा. कॉलम १ ते ६, सेंटरिंग ७ ते १३, सळई १४ ते १८, स्लॅब १९ला, थांबणं ३३पर्यंत, वीटकाम ३४ ते ४३. इथे चार फाटे फुटतात आणि चारही कामं ४४व्या दिवशी सुरू होऊ शकतात. जिथे दोन-तीन बाण एकत्र येतात तिथे सगळ्यात उशिरा संपणारं काम धरायचं. फिटिंगच्या आधी फरशी ६३ला संपते, खिडक्या ६०ला, बाहेरचा गिलावा ५१ला. तेव्हा फिटिंग ६४ला सुरू आणि ७१ला, म्हणजे २९ मेला, संपणार.

आता शेवटाकडून उलटे या. फिटिंग ६४ला सुरू व्हायचं असेल तर आधीची तिन्ही कामं उशिरात उशिरा ६३पर्यंत संपली तरी चालतील. खिडक्या बसवायला दोन दिवस, म्हणजे ६२ला सुरुवात. म्हणून खिडक्या ६१पर्यंत बनून आल्या तरी निभतं. जिथून दोन बाण निघतात तिथे, उलटं येताना, सगळ्यात आधीची मर्यादा धरायची. आतल्या गिलाव्यामागे फरशी आणि खिडक्या दोन्ही आहेत. फरशी ५७ला सुरू व्हायलाच हवी, म्हणून गिलाव्याला ५६च्या पुढे मुभा नाही.

प्रत्येक कामाचा ‘उशिरात उशिरा’ दिवस वजा ‘लवकरात लवकर’ दिवस ही त्याची सवड, म्हणजे फ्लोट. जिथे ती शून्य येते त्या कामांची सलग साखळी हा क्रिटिकल पाथ. आपल्याकडे तो १ ते १० असा सरळ निघाला. ती सुरुवातीपासून शेवटापर्यंत जाणारी सर्वांत लांब साखळी असते, म्हणूनच काम त्याहून लवकर संपू शकत नाही.

खिडक्या बनवण्यालाही तीन दिवस सवड आणि बसवण्यालाही तीन. मग एकूण सहा दिवस मिळाले ना?

नाही. ही सवड त्या वाटेची आहे आणि वाटेवरची कामं ती वाटून घेतात. फॅब्रिकेटरनं तिन्ही दिवस खाल्ले तर बसवणाऱ्याला एकही उरत नाही. त्याच्या पट्टीसमोर कालपर्यंत ३ दिसत होते, आज शून्य दिसेल, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

पुढच्या कुणालाही धक्का न लावता वापरता येते ती मोकळी सवड. बाहेरच्या गिलाव्याचे बाराही दिवस मोकळे आहेत, कारण त्याच्यामागे थेट फिटिंगच आहे. खिडक्यांच्या बनावटीची मोकळी सवड मात्र शून्य आहे. ठेकेदाराला ‘तुमच्याकडे तीन दिवस आहेत’ असं सांगण्याआधी ते एकट्याचे आहेत की वाटणीचे, हे बघून घ्या.

मग नेमका कोणता उशीर शेवटची तारीख ढकलतो?

उशीर वजा सवड. उरेल तेवढा शेवट पुढे. सेंटरिंगच्या प्लेटा दोन दिवस उशिरा आल्या तर सवड शून्य, म्हणून शेवट २९ऐवजी ३१ मे. खिडक्या पाच दिवस उशिरा आल्या तर तीन सवडीत जिरतात आणि शेवट दोनच दिवस सरकतो. बाहेरचा गिलावा दहा दिवस रखडला तर शेवट हलत नाही. फार तर परांचीचं भाडं वाढेल.

साइटवर आरडाओरडा मात्र याच्या बरोबर उलटा होतो. दहा दिवस रखडलेला बाहेरचा गिलावा गल्लीतून दिसतो, त्यामुळे सगळे त्याच्यावर तुटून पडतात. झिऱ्या मारणारा इलेक्ट्रिशियन दोन दिवस आला नाही, याकडे कुणी बघत नाही. पण घरात राहायला जाण्याचे दोन दिवस तोच पुढे नेतो.

दोन उशीर एकदम झाले तर त्यांची बेरीज करायची का?

एकाच साखळीवर असतील तर बेरीज. सेंटरिंग दोन दिवस आणि फरशी एक दिवस उशिरा म्हणजे शेवट तीन दिवस पुढे.

वेगवेगळ्या वाटांवर असतील तर बेरीज करायची नाही, दोन्हींतलं जास्त धरायचं. समजा आतला गिलावा दोन दिवस लांबला आणि खिडक्याही पाच दिवस उशिरा आल्या. गिलावा ५८ला, फरशी ६५ला संपते. खिडक्या ६३ला येतात आणि ६५ला बसून होतात. फिटिंग ६६ला सुरू. दोन्ही उशिरांचा मिळून परिणाम दोनच दिवस.

भांडण इथेच होतं: हे दोन दिवस कुणाच्या खात्यावर? गिलावेवाला म्हणतो खिडक्या नव्हत्याच, फॅब्रिकेटर म्हणतो फरशी कुठे झाली होती. दोघंही खरं बोलतात. त्यांतला एकच जण वेळेवर आला असता तरी शेवट तेवढाच पुढे गेला असता. म्हणून प्रत्येक उशीर घडला त्या दिवशीच चार्टवर नोंदवा. महिन्यानंतर हे सोडवता येत नाही.

कोब्याला २२ दिवस सवड दाखवतो. म्हणजे तो बिनमहत्त्वाचा?

क्रिटिकल म्हणजे महत्त्वाचं नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की त्या कामाच्या उशिराला चार्टमध्ये जागा नाही. गच्ची गळली तर बाकी सगळ्यावर पाणी फिरतं, पण चार्टला ते ठाऊक नाही, कारण ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. कोब्यामागे बाण नाही, म्हणून गणितानं त्याला थेट शेवटच्या दिवसापर्यंत मोकळं सोडलं.

वळवाचा पाऊस मेच्या मध्यावर कधीही येतो. कोबा झाल्यावर पाणी तुंबवून गळती तपासायची, गळली तर दुरुस्त करून पुन्हा तपासायची, यालाही दिवस हवेत. म्हणून कोब्याला १५ मे ही स्वतःची मुदत द्या. तो दिवस ५७वा. कोबा ४९ला संपतो, म्हणून खरी सवड २२ नसून ८. बांधकामातल्या कोणत्याही चार्टमध्ये सवड संशयास्पद वाटण्याइतकी मोठी दिसली, तर आधी त्या कामाचा पुढचा बाण किंवा मुदत राहिली आहे का ते पाहा.

ते थांबण्याचे १४ दिवस ठेकेदार सातवर आणतो म्हणतो. मान्य करावं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्यामागचं गणित आकर्षक आहे: क्रिटिकल पाथवरचे सात दिवस एका फटक्यात वाचतात.

आयएस ४५६:२००० या मानकात साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी, हवा १५ अंशांच्या खाली जात नसेल तेव्हाच्या, किमान मुदती दिल्या आहेत. साडेचार मीटरपर्यंत गाळा असलेल्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांनी. बीमखालचे टेकू सहा मीटरपर्यंत १४ दिवसांनी, पुढे २१. ‘सात दिवस पुरतात’ हे ठेकेदाराचं म्हणणं येतं ते पहिल्या आकड्यावरून. लहान खोल्यांच्या स्लॅबपुरतं ते खरंही आहे. पण भिंती बांधायच्या असतात त्या बहुतेक बीमखाली, आणि तिथले टेकू चौदाव्या दिवसापर्यंत उभेच राहतात. म्हणजे सातव्या दिवशी स्लॅबखालच्या प्लेटा निघाल्या तरी वीटकामाला जागा होत नाही, आणि चार्टवर काहीच वाचत नाही.

एखाद्या घरात बीमखाली नसलेल्या आडभिंती बऱ्याच असतील, तर तेवढं वीटकाम वेगळी पट्टी करून आधी दाखवता येईल. ते रचनाकार इंजिनिअरला विचारून करा. पोझोलाना सिमेंट वापरलं असेल तर मुदत आणखी वाढवावी लागू शकते. हेही त्यांनीच सांगायचं. या एका पट्टीचा कालावधी घासाघीस करून ठरवायचा नसतो.

आठवड्याची सुट्टी धरली की तारखा किती बदलतात?

बऱ्याच. पण सगळ्या पट्ट्यांना सारख्या नाही. माणसं सुट्टी घेतात, काँक्रीट घेत नाही. आपल्या साखळीतल्या ७१ दिवसांपैकी १४ थांबण्याचे, म्हणजे माणसांचे ५७. सहा दिवसांच्या आठवड्यात त्यात नऊ सुट्ट्या येतात आणि शेवट ७ जूनच्या आसपास जातो, म्हणजे बरोबर मृगावर. हातात काहीच उरत नाही. म्हणून सुट्टी न धरता काढलेला चार्ट घरच्यांना दाखवू नका.

सॉफ्टवेअरमध्ये हमखास चूक होते ती इथेच. थांबण्याचा कालावधी `14d` असा लिहिला तर तो कामाचे दिवस मोजतो आणि थांबण्यातही रविवार वगळून दोन-तीन दिवस फुकट वाढवतो. एमएस प्रोजेक्टमध्ये सलग दिवसांसाठी `14ed` लिहायचं. थांबणं वेगळी पट्टी न करता बाणावर टाकायचं असेल तर वीटकामाच्या `Predecessors` रकान्यात असं:

```
4FS+14ed
```

मी मात्र वेगळी पट्टीच ठेवायला सांगतो. बाणावर लपलेले १४ दिवस कागदावर कुणाला दिसत नाहीत, आणि स्लॅबवर पाणी तुंबवून ठेवायचे दिवसही त्याच पट्टीखाली मोजता येतात.

सेंटरिंग पूर्ण व्हायच्या आत सळईवाले काम सुरू करतात. ते कसं दाखवायचं?

‘सुरुवातीपासून सुरुवात’ असा बाण आणि त्यावर काही दिवसांचं अंतर. सेंटरिंग सुरू झाल्यावर चार दिवसांनी सळई सुरू केली तर ती ११ ते १५ होते, स्लॅब १६ला पडतो, तीन दिवस वाचतात. प्रत्यक्षात असं चालतंही. बीमचे तळ तयार झाले की फिटर पिंजरे बांधायला घेतात.

पण या बाणात एक फसगत आहे. सेंटरिंग वेळेवर सुरू झाली आणि मध्येच प्लेटा कमी पडून १३ऐवजी १६ला संपली, तर चार्ट काय म्हणेल? सळई १५लाच संपली. बाण सुरुवातीला बांधलेला आहे, त्यामुळे सेंटरिंगच्या शेवटाचा उशीर पुढे पोचतच नाही. चार्टवर सेंटरिंग चालू असताना स्लॅब पडतो! म्हणून जोडीला ‘शेवटापासून शेवट’ असा दुसरा बाण हवा: सेंटरिंग संपल्यावर निदान एक दिवसानं सळई संपेल. मग सळई १७ला संपते आणि उशीर खरा दिसतो.

एमएस प्रोजेक्ट दोन कामांमध्ये एकच बाण ठेवू देतं. तिथे काम तोडा: बीमची सेंटरिंग, स्लॅबची सेंटरिंग, बीमची सळई, स्लॅबची सळई. मग साधे ‘संपल्यावर सुरू’ बाण पुरतात आणि साइटवरच्या माणसालाही ते कळतात.

गवंड्यांची टोळी एकच आहे. आतला आणि बाहेरचा गिलावा चार्टवर एकाच वेळी दिसतो. आता?

क्रिटिकल पाथचं गणित माणसं मोजत नाही. ते फक्त बाण बघतं. ६ ते ९ मे या चार दिवसांत त्यानं एकाच टोळीला दोन ठिकाणी उभं केलं आहे.

बाहेरचा आधी पूर्ण केला तर आतला ४८ऐवजी ५२ला सुरू होतो आणि शेवट चार दिवस पुढे. आतला आधी केला तर बाहेरचा ५७ ते ६४ असा जातो, फिटिंग ६५ला, शेवट एक दिवस पुढे. तिसरी वाट सगळ्यात चांगली: २ ते ५ मे इलेक्ट्रिशियन आत झिऱ्या मारत असताना गवंडी तसेही रिकामे असतात. त्या चार दिवसांत बाहेरचा अर्धा गिलावा उरकायचा, मग आत यायचं, आणि आतलं झालं की १५ ते १८ मे बाहेरचा उरलेला. तो ६०व्या दिवशी संपतो, फिटिंगला ६४ला तो हवा आहे, शेवट जागच्या जागी राहतो. परांची मात्र नऊ दिवस जास्त उभी राहील. त्या भाड्याची टोळी बदलण्याच्या खर्चाशी तुलना करा.

हे ठरलं की बाहेरच्या गिलाव्याच्या दोन पट्ट्या करा आणि टोळीचे बाणही काढा. आता त्या वाटेची सवड १२ नाही, ३ उरली आहे.

जास्तीची माणसं लावून लवकर संपवता येईल का?

क्रिटिकल पाथवर लावली तरच, आणि तिथेही एका हद्दीपर्यंत. फरशीला दोन टोळ्या लावून ७चे ४ दिवस केले तर शेवट तीन दिवस अलीकडे येतो, २६ मे. हौसेनं ४चे ३ केले तर? काहीच नाही. कारण खिडक्या ६०ला संपतात आणि फिटिंग त्यांच्यासाठी अडून राहते. तीन दिवस वाचल्यावर खिडक्यांची वाटही क्रिटिकल झाली. यापुढे एक दिवस वाचवायचा तर दोन्ही वाटांवर एकेक दिवस विकत घ्यावा लागेल. वरच्या प्रश्नातली तिसरी वाट धरली असेल तर बाहेरचा गिलावाही ६०लाच संपतो, म्हणजे तिसरीही वाट त्यात आली.

पैसे न घालता होण्यासारखं एक आहे: खिडक्यांची मापं वीटकाम पूर्ण होईपर्यंत थांबवू नका. भिंतींमधल्या जागा लिंटेलपर्यंत आल्या की मापं घेता येतात. फॅब्रिकेटरला चार दिवस आधी काम मिळालं की बनावटीची सवड तीनाची सात होते. गिलाव्याची जाडी मापातून वजा करायला त्याला बजावून सांगा.

हे एक्सेलमध्ये करता येईल?

येईल. `B` मध्ये दिवस, `C` आणि `D` मध्ये लवकरात लवकर सुरुवात आणि शेवट, `E` आणि `F` मध्ये उशिरात उशिरा सुरुवात आणि शेवट. पहिलं काम दुसऱ्या ओळीत, म्हणून फिटिंग अकराव्या ओळीत येतं. त्याची सुरुवात, मग त्याचा शेवट, मग आतल्या गिलाव्याचा उशिरात उशिरा शेवट आणि सवड:

```
C11: =MAX(D10,D12,D14)+1
D11: =C11+B11-1
F9:  =MIN(E10,E14)-1
G9:  =E9-C9
```

ज्या कामामागे काही नाही त्याच्या `F` मध्ये `=MAX(D2:D15)`. बाण बदलला की सूत्रं हातानं बदलावी लागतात, हीच याची मर्यादा. तीसेक कामांच्या पुढे एक्सेल सोडा.

सॉफ्टवेअरमध्ये सगळं नीट भरलं, पण लाल वाट, म्हणजे क्रिटिकल पाथ, मध्येच तुटते किंवा फक्त शेवटचं काम लाल दिसतं. का?

बहुतेक वेळा कुणीतरी `Start` रकान्यात हातानं तारीख टाकलेली असते. एमएस प्रोजेक्ट त्यावरून `Start No Earlier Than` ही अट लावतं. फिटिंगला १ जून टाइप केलं की ते बाणांपेक्षा तारखेमुळे थांबतं, आणि आधीच्या सगळ्या कामांना खोटी सवड मिळते. `Constraint Type` रकाना उघडून सगळीकडे `As Soon As Possible` आहे का पाहा. नाइलाजानं एखादी तारीख घालावी लागली तर का, ते टिपणीत लिहा. मुदत दाखवायला `Deadline` रकाना आहे. तो पट्टी अडवत नाही, पण मुदत उलटली तर सवड उणे दाखवतो. कोब्याचे १५ मे तिथेच टाकायचे.

दुसरं कारण सुटलेला बाण. ज्याच्यामागे काहीच नाही असं काम शेवटच्या कामाशिवाय दुसरं असू नये. असलंच तर कोब्यासारखी त्याला मुदत तरी हवी.

काम सुरू झाल्यावर चार्ट किती वेळा सुधारायचा आणि काय विचारायचं?

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी. ‘किती टक्के झालं?’ असं विचारू नका. गिलावा ‘ऐंशी टक्के झालाय’ हे उत्तर आठवडाभर तेच राहू शकतं. ‘अजून किती दिवस लागतील?’ हे विचारा. १० मेच्या संध्याकाळी आतल्या गिलाव्याचे पाच दिवस झालेले असतात, हिशेबानं चार उरायला हवेत. गवंडी म्हणाला सहा, तर शेवट त्याच क्षणी ३१ मे झाला. फरशीवाल्याला आणि नळवाल्याला फोन त्याच दिवशी जायला हवा, १५ मेला नव्हे.

त्याच बैठकीत शून्य सवडीच्या जोडीला एक ते पाच दिवस सवडीची कामंही वाचा. गेल्या आठवड्यात खिडक्यांना तीन होते, आज एक आहे, तर फॅब्रिकेटरच्या वर्कशॉपमध्ये स्वतः जाऊन चौकटी कापल्यात का ते डोळ्यांनी बघा. फोनवर चौकटी नेहमी तयारच असतात.